नहाणीघरात स्टोरेज गिझर बसवताना: भिंत, व्हॉल्व्ह आणि अर्थिंग

पंचवीस लिटरचा गिझर दुकानातून घरी आणताना एकट्या माणसाला उचलता येतो, कारण रिकाम्या गिझरचे वजन साधारण १२-१३ किलो असते. तोच गिझर पाण्याने भरला की ३८ किलोच्या आसपास जातो, आणि हे वजन पुढची आठ-दहा वर्षे भिंतीवरच्या दोन बोल्टांवर, बहुधा कोणाच्या तरी डोक्याच्या पातळीच्या वर, लटकत राहणार असते. त्यातच त्या बंद टाकीत पाण्याचा दाब असतो आणि २००० वॉटची वीज खेळत असते. म्हणून गिझर बसवणे म्हणजे चार भोके पाडून दोन पाइप जोडणे नव्हे. वजन पेलणारी भिंत, वाढलेला दाब सोडणारा व्हॉल्व्ह आणि गळती झालेल्या विजेला वाट देणारी अर्थिंग या तिन्ही गोष्टी खटका दाबण्याआधी नीट जागेवर आल्या पाहिजेत.

हे काम प्रत्यक्षात कसे होते ते एका घराच्या उदाहरणाने सांगतो. माझ्या मावशीचे घर पुण्यात एका जुन्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथे गेल्या हिवाळ्यापूर्वी २५ लिटरचा उभा गिझर बसवला, तेव्हा मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर होतो. नळाचे आणि भिंतीचे काम आम्ही स्वतः केले. वायरिंग मात्र परवानाधारक वायरमनकडून करून घेतले आणि वाचकांनीही ते तसेच करून घ्यावे. वायरमन काय करतो आणि काय तपासतो हे घरातल्या माणसाला समजत असले म्हणजे काम अर्धवट राहत नाही, एवढ्यासाठीच पुढे विजेचा भाग सविस्तर दिला आहे.

जागा ठरवणे

मावशीचे नहाणीघर ४ फूट रुंद आणि ७ फूट लांब आहे. एका टोकाला दार आहे, तर समोरच्या आखूड भिंतीवर शॉवर आणि त्याच्या वर खिडकी आहे. आधीचा गिझर शॉवरच्या अगदी डोक्यावर होता, कारण गरम पाण्याचा पाइप तिथून सर्वांत आखूड पडत होता. ही जागा आम्ही पहिल्यांदा बाद केली. आंघोळ करणारा माणूस ओल्या अंगाने जिथे उभा राहतो, त्याच्या बरोबर वर विजेचे उपकरण नसावे, आणि दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून एखादे दिवशी कढत पाणी आलेच तर ते माणसाच्या अंगावर पडू नये, ही दोन कारणे त्यासाठी पुरेशी आहेत.

शॉवरपासून आडवे किमान १.२ मीटर अंतर सोडावे आणि विजेचा सॉकेट जमिनीपासून २.२५ मीटरपेक्षा उंच असावा. शॉवरचे पाणी थेट उडण्याचा भाग साधारणपणे एवढ्यात संपतो. आम्ही दाराकडच्या बाजूची लांब भिंत निवडली. गिझरचा मध्य शॉवरच्या भिंतीपासून दीड मीटरवर आला, त्याचा तळ जमिनीपासून १.९५ मीटरवर ठेवला आणि माथा २.५ मीटरच्या आसपास गेला. छत २.९ मीटरवर असल्यामुळे वर हातभर जागा उरली. ही जागा लागतेच, कारण गिझर आकड्यावर अडकवण्यासाठी तो आधी थोडा वर उचलावा लागतो. खालीही मोकळी जागा हवी, कारण थर्मोस्टॅट, कॉइल आणि गंज स्वतःवर ओढून घेणारा मॅग्नेशियमचा दांडा हे सगळे तळाचे झाकण उघडूनच बाहेर काढायचे असते. दार पूर्ण उघडल्यावर ते गिझरला किंवा त्याच्या पाइपांना लागत नाही ना, हेही दार उघडून पाहावे.

उभा गिझर आडवा किंवा आडवा गिझर उभा बसवू नये. आतल्या पाइपांची टोके त्या त्या स्थितीसाठीच ठरवलेली असतात. स्थिती बदलली की टाकीच्या वरच्या भागात हवा अडकते, कॉइलचा काही भाग पाण्याबाहेर राहू शकतो आणि तिथेच ती जळते.

भिंत ओळखणे आणि आधार देणे

नवशिक्यांच्या हातून सर्वांत जास्त चुका इथे होतात. गिझरबरोबर डब्यात दोन फास्टनर मिळतात, म्हणून ते कोणत्याही भिंतीत चालतील असे गृहीत धरले जाते. वास्तविक हे फास्टनर काँक्रीट किंवा चांगल्या भरीव विटांच्या भिंतीसाठी असतात. नट आवळला की त्यांची नळी आत फुलते आणि भोकाच्या कडांना घट्ट दाबून धरते. कडाच ठिसूळ असतील तर फुलणारी नळी त्यांचा चुरा करते, आणि नट आवळला गेल्यासारखा वाटला तरी पकड मुळीच आलेली नसते.

भिंत कशाची आहे हे टाइलवरून कळत नाही, ड्रिलच्या भुकटीवरून कळते. ज्या जागी गिझरच्या मागे भोक झाकले जाईल तिथे एक बारीक भोक पाडून भुकटी कागदावर घ्यावी. तांबडी भुकटी म्हणजे वीट. भुकटी राखाडी असेल आणि ड्रिल कष्टाने आत जात असेल तर काँक्रीट. पांढरी, पिठासारखी भुकटी भराभर येत असेल तर हलका एएसी ब्लॉक, ज्याला बोलण्यात सरसकट सिपोरेक्स म्हणतात. कोकणात आणि गोव्यात जांभ्या चिऱ्याच्या भिंती असतात. तिथे भुकटी तांबूस-पिवळी येते आणि चिऱ्यातल्या पोकळ्यांमुळे ड्रिल मधूनच धसकल्यासारखे पुढे जाते. ड्रिल तीन-चार सेंटिमीटरनंतर एकदम मोकळे झाले तर ब्लॉक पोकळ आहे असे समजावे. एएसी, पोकळ ब्लॉक आणि जांभा या तिन्हींत साधा फुलणारा फास्टनर वापरू नये. तिथे भिंतीच्या आरपार जाणारे बोल्ट घालावेत, आणि जांभ्यासारख्या जाड भिंतीत ते शक्य नसेल तर त्या भिंतीसाठी योग्य असलेला रसायन भरून बसवण्याचा अँकर जाणकाराकडून बसवून घ्यावा.

बोल्टांवर नेमका काय भार येतो हे एकदा समजून घेतले पाहिजे. ३८ किलोचा गिझर भिंतीला सरळ खाली ओढतो, पण तेवढेच करत नाही. त्याचा गुरुत्वमध्य भिंतीपासून साधारण २० सेंटिमीटर पुढे असतो, म्हणून तो वरच्या बाजूने भिंतीपासून सुटून पुढे कलंडू पाहतो. वरच्या बोल्टांपासून खाली भिंतीला टेकणाऱ्या भागापर्यंतचे अंतर ३० सेंटिमीटर धरले, तर ३८ ला २० ने गुणून ३० ने भागल्यावर २५ किलोचा ओढा दोन बोल्ट मिळून भिंतीबाहेर उपटण्याच्या दिशेने सतत लागतो, म्हणजे प्रत्येकावर १२-१३ किलो. आकडा ऐकायला लहान वाटतो. पण तो रोजच्या तापण्या-निवण्यासह वर्षानुवर्षे लागतो, आणि टाइल व गिलावा यांना त्या दिशेने काहीच ताकद नसते. टाइल, तिच्यामागचा मसाला आणि गिलावा मिळून ३ सेंटिमीटर सहज होतात, आणि फास्टनरचा तेवढा भाग फुकट गेला असेच धरायचे. पकड मोजायची ती त्यामागच्या वीट किंवा काँक्रीटमध्ये, आणि तिथे किमान ६-७ सेंटिमीटर तरी फास्टनर शिरलेला हवा.

मावशीकडे ज्या भिंतीवर गिझर यायचा होता ती आतली भिंत होती, अवघी साडेचार इंची. भुकटी तांबडी आली, म्हणजे वीट होती, पण एवढ्या पातळ भिंतीत मोठा फास्टनर फुलवला तर वीटच दुभंगण्याचा धोका होता. शॉवरमागची बाहेरची भिंत नऊ इंची होती, पण ती जागा आधीच बाद झालेली. तेव्हा आरपार बोल्टांचाच निर्णय घेतला. भिंतीच्या पलीकडे घरातलाच बोळ होता, ही सोय महत्त्वाची ठरली. पलीकडच्या बाजूला ५ मिलिमीटर जाडीची, दोन इंच रुंद लोखंडी पट्टी लावली आणि दोन्ही बोल्ट त्या एकाच पट्टीतून घेतले, म्हणजे ओढा एकेका विटेवर न पडता पाच-सहा विटांवर वाटला गेला. पट्टीला आधी गंजरोधक रंग दिला. खालून आणखी आधार म्हणून एल आकाराचे अँगल लावायचे असतील तर तेही याच पद्धतीने लावता येतात, मात्र त्यांच्यामुळे तळाचे झाकण उघडायला अडथळा होता कामा नये.

खुणा करताना गिझरच्या पाठीवरच्या दोन आकड्यांमधले अंतर मोजपट्टीने घेतले, ते पुठ्ठ्यावर उतरवले आणि तो पुठ्ठाच भिंतीला चिकटवून लेव्हलच्या बाटलीने आडवी रेषा तपासली. भोक टाइलच्या सांध्यावर किंवा टाइलच्या कडेजवळ येत असेल तर जागा दोन-तीन सेंटिमीटर सरकवावी. टाइलवर आधी काचेचे किंवा टाइलचे बिट, हॅमर बंद ठेवून, हळू फिरवावे. टाइल पार झाली की मगच भिंतीचे बिट लावून हॅमर सुरू करावा. सुरुवातीपासून हॅमर चालवला तर टाइलला केसासारखी चीर जाते आणि तिच्यातून पाणी भिंतीत मुरत राहते. भिंतीत लपवलेले पाइप आणि वायरी नळ किंवा सॉकेटपासून सरळ वर, खाली किंवा आडव्या गेलेल्या असतात, म्हणून त्या रेषांवर भोक पाडू नये आणि ड्रिल करताना त्या बाजूचा वीजपुरवठा बंद ठेवावा.

बोल्ट आवळून झाल्यावर गिझर लगेच अडकवू नये. आम्ही दोन्ही बोल्टांना जाड दोर बांधून त्यावर एका माणसाने आपले वजन हळूहळू टाकले आणि दुसऱ्याने पलीकडच्या पट्टीकडे पाहिले. पट्टीच्या कडेने गिलाव्याला चीर गेली नाही, नट फिरला नाही, बोल्ट वाकला नाही, तेव्हाच गिझर चढवला. चढवण्याचे काम दोघांनीच करावे.

पाण्याची जोडणी आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह

गिझरच्या तळाशी दोन नळ्या असतात. निळ्या खुणेची नळी थंड पाणी आत येण्यासाठी आणि लाल खुणेची गरम पाणी बाहेर जाण्यासाठी. थंड बाजूचा क्रम असा असतो: भिंतीतून येणारा अँगल कॉक, त्यापुढे कनेक्शन पाइप, मग मल्टिफंक्शन व्हॉल्व्ह आणि मग थेट गिझरची निळी नळी. व्हॉल्व्हवर कोरलेला बाण गिझरकडे असला पाहिजे. व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये कोणताही कॉक कधीही बसवू नये, कारण तो बंद राहिला तर टाकीची सुटकेची वाटच बंद होते.

पितळेचा हा लहानसा व्हॉल्व्ह दोन कामे करतो. एक, आत गेलेले पाणी तो उलटे परत जाऊ देत नाही. गच्चीवरची टाकी रिकामी झाली तर गिझरमधले पाणी पाइपातून मागे उतरू शकते, आणि मग कोरड्या टाकीत कॉइल जळते. दुसरे काम दाबाचे. पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापले की ते सुमारे दीड टक्का फुगते. २५ लिटरवर हे साधारण ३५० मिलिलिटर होते, म्हणजे दीड-दोन पेले पाणी. नळ बंद आहे आणि मागे जायची वाट व्हॉल्व्हने अडवली आहे, मग हे जास्तीचे पाणी जाणार कुठे? पाणी दाबले जात नाही, त्यामुळे टाकीतला दाब भराभर चढतो. तो ठरलेल्या मर्यादेला, बहुतेक घरगुती व्हॉल्व्हमध्ये ८ बारच्या आसपास, पोहोचला की व्हॉल्व्हची स्प्रिंग मागे सरते आणि बाजूच्या तोटीतून थेंब थेंब पाणी बाहेर पडते.

हे थेंब म्हणजे बिघाड नव्हे, हे पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते. काही वर्षांपूर्वी आमच्याच नात्यातल्या एका घरी गिझर गळतो अशी तक्रार होती आणि एका कारागिराने त्या तोटीला प्लग मारून गळती थांबवली होती. घरातले लोक खूश होते. दोन-अडीच महिन्यांत टाकीचा सांधा उकलला आणि आवरणाखालून पाणी झिरपू लागले. प्लग काढून पाहिला तेव्हा टाकीचे पोट हाताला फुगलेले लागत होते. तिथे थर्मोस्टॅट धड होता म्हणून निभावले. थर्मोस्टॅट आणि अतितापमानाला वीज तोडणारा कट-आउट दोन्ही निकामी झाले असते, तर बंद टाकीतले पाणी १०० अंशांच्या पुढे न उकळता तापत गेले असते, आणि अशी टाकी फुटली की त्या पाण्याची एका क्षणात वाफ होते.

म्हणून तोटी बंद करण्याऐवजी तिला वाट करून द्यावी. तोटीवर उष्णता सहन करणारी लवचिक नळी घालावी, ती सतत खालच्या दिशेने उतरत न्यावी, मध्ये कुठेही तिला झोळ किंवा गाठ पडू देऊ नये आणि तिचे टोक जमिनीवरच्या जाळीजवळ उघडे, डोळ्यांना दिसेल असे सोडावे. टोक बादलीतल्या पाण्यात किंवा सांडपाण्याच्या पाइपात बुडलेले नसावे. मावशीकडे ही नळी कोपऱ्यातून भिंतीला क्लिपा मारत खाली आणली आणि जमिनीपासून चार बोटे वर थांबवली.

थेंबांवरून पुष्कळ काही ओळखता येते. गिझर तापत असतानाच थेंब पडत असतील आणि नंतर थांबत असतील तर सारे ठीक आहे. थंड असतानाही सतत पाणी येत असेल तर व्हॉल्व्हच्या बैठकीवर रेतीचा कण किंवा क्षार अडकला असावा. व्हॉल्व्हचा छोटा दांडा दोन-तीनदा उचलून पाणी जोरात जाऊ द्यावे, तरीही थांबले नाही तर व्हॉल्व्ह बदलावा. नळीतून वाफ किंवा उकळते पाणी येऊ लागले तर मात्र थर्मोस्टॅट गेला आहे असे समजून नहाणीघराबाहेरचा स्विच ताबडतोब बंद करावा आणि टाकी निवेपर्यंत कशालाही हात लावू नये.

उंच इमारतीत आणखी एक हिशेब करावा लागतो. पाण्याच्या दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब येतो. मावशीच्या दुसऱ्या मजल्यावर गच्चीच्या टाकीमुळे जेमतेम पाऊण बार दाब मिळतो. पण वीस मजली इमारतीत वरच्या टाकीतून थेट पाणी येत असेल तर खालच्या मजल्यांवर हा दाब ६ बारच्या आसपास जाऊ शकतो आणि मग पाणी थोडे तापले तरी व्हॉल्व्ह गळू लागतो. तिथे गिझरच्या आधी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो. गिझरची टाकी किती दाबाची आहे हे त्याच्या पाटीवर छापलेले असते. घरात प्रेशर पंप असेल तर हा आकडा अवश्य पाहावा.

गरम बाजूला साधा पीव्हीसी पाइप चालत नाही, तो मऊ पडून सांध्यातून सुटतो. सीपीव्हीसी चालतो, पण तोही गिझरच्या नळीला थेट चिकटवू नये. मध्ये स्टीलच्या जाळीचा कनेक्शन पाइप घ्यावा. आट्यांवर टेफ्लॉन टेप आटे ज्या दिशेने आवळले जातात त्याच दिशेने दहा-बारा वेढे गुंडाळावी. व्हॉल्व्ह आवळताना एका पान्याने गिझरची नळी धरून ठेवावी, नाहीतर जोर टाकीच्या सांध्यावर जातो.

वीज आणि अर्थिंग

२००० वॉट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे गिझर साधारण ८.७ अँपिअर वीज घेतो. त्यासाठी घरात वीज वाटणाऱ्या पेटीपासून, म्हणजे डीबीपासून, स्वतंत्र लाइन, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तेवढ्याच जाडीची हिरवी अर्थिंगची वायर आणि जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारा खटका, म्हणजे एमसीबी, १६ अँपिअरची पुरते. अंतर फार लांब असेल किंवा गिझर ३००० वॉटचा असेल तर ४ चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. स्विच नहाणीघराच्या बाहेर, दाराशेजारी असावा आणि तो फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा, म्हणजे डीपी स्विच असावा. सॉकेट १६ अँपिअरचा, तीन पिनांचा आणि झाकणाचा घ्यावा. दोन पिनांचा जोड किंवा एक्स्टेन्शन बोर्ड गिझरला कधीही वापरू नये.

जुन्या घरात वायरींच्या रंगांनी घात होऊ शकतो. घरातल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल, पिवळी किंवा निळी यांपैकी कोणतीही वायर फेज असू शकते आणि काळी न्यूट्रल असते. गिझरच्या स्वतःच्या दोरीत मात्र तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग असते. निळ्याला निळी जोडून मोकळे होणाऱ्याने न्यूट्रलच्या जागी फेज दिलेली असू शकते. म्हणून रंगावर विसंबू नये, मोजून पाहावे.

आता मुख्य गोष्ट. कॉइलचे आवरण क्षाराने किंवा वयाने तडकले की वीज पाण्यात आणि टाकीच्या धातूत येते. अर्थिंगची वायर या विजेला जमिनीकडे जायला सोपी वाट देते. पण अर्थिंग आहे आणि एमसीबी आहे, एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. समजा, घरातल्या अर्थिंगच्या वाटेचा एकूण विरोध १० ओहम आहे, जे जुन्या इमारतींत सहज आढळते. तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर वीज गळेल. १६ अँपिअरची एमसीबी एवढ्या विजेला तासभरही पडणार नाही अशी शक्यता आहे, आणि तेवढा वेळ गिझरची टाकी व नळातले पाणी जिवंत राहील. म्हणून त्याच लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. ती जाणारी आणि परत येणारी वीज यांतला फरक पाहते आणि ३० मिलिअँपिअर गळतीलाच, सेकंदाच्या अंशात, पुरवठा तोडते.

मग नुसती आरसीसीबी का पुरत नाही? अर्थिंग नसेल तर गळतीला जायला वाटच नसते, म्हणून आरसीसीबीला फरक दिसत नाही. टाकी जिवंत होऊन तशीच राहते आणि पहिली वाट मिळते ती नळाला हात लावणाऱ्या माणसाच्या अंगातून. आरसीसीबी तेव्हा पडेल, पण झटका बसल्यावर. अर्थिंग असेल तर ती बिघाड झाल्या क्षणीच पडते, घरात कोणी नसतानाही.

मावशीच्या घरी सॉकेटच्या तिसऱ्या छिद्रात वायर होती, आणि ती उघडल्यावर वायरमनला दोन प्रकार दिसले. मागच्या कोणीतरी अर्थिंगची वायर त्याच सॉकेटमधल्या न्यूट्रलला जोडलेली होती, म्हणजे न्यूट्रल कुठेही तुटली असती तर गिझरची टाकी थेट फेजवर आली असती. आणि स्वयंपाकघरात अर्थिंग म्हणून नळाच्या जुन्या लोखंडी पाइपाला वायर बांधली होती, तर खालच्या मजल्यावर तो पाइप केव्हाच बदलून सीपीव्हीसीचा झाला होता. दोन्ही काढून टाकले आणि इमारतीच्या मीटरजवळच्या अर्थिंगच्या पट्टीपासून नवी हिरवी वायर डीबीपर्यंत आणली.

तपासताना वायरमनने आधी मल्टिमीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३२ व्होल्ट, फेज आणि अर्थिंगमध्ये २३० व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये २ व्होल्ट आले. हे आकडे चांगले आहेत, पण तेवढ्याने अर्थिंग भक्कम असल्याचे सिद्ध होत नाही. मल्टिमीटर इतकी थोडी वीज घेतो की वायर एका तारेवर लोंबत असली तरी तो २३० दाखवतो. म्हणून त्याने लूप टेस्टरने विरोध मोजला आणि आरसीसीबी टेस्टरने ती खरोखर पडते हेही पाहिले. आपल्या वायरमनकडे ही उपकरणे आहेत का, हे त्याला बोलावतानाच विचारावे. टेस्टरचा दिवा लागला की झाले, असे म्हणणाऱ्याकडून हे काम करून घेऊ नये.

पहिल्यांदा सुरू करणे

स्विच बंद ठेवून आधी गरम पाण्याचा नळ उघडावा, मग अँगल कॉक. नळातून आधी हवा फुसफुसते, मग अडखळत पाणी येते आणि शेवटी अखंड धार लागते. धार लागली म्हणजे टाकी भरली. त्यानंतर नळ बंद करून प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद धरावा, ओल लगेच दिसते. व्हॉल्व्हचा दांडा उचलून पाणी नळीतून जाळीपर्यंत नीट पोहोचते का हे पाहावे. मगच आरसीसीबीचे टी बटण दाबून ती पडते याची खात्री करावी, ती पुन्हा चढवावी आणि गिझर चालू करावा.

२५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २००० वॉटला साधारण अर्धा तास लागतो. आमच्या गिझरवरचा दिवा ३२ मिनिटांनी विझला. त्याच्या फार आधी विझला तर थर्मोस्टॅट कमी तापमानावर लावलेला असावा, आणि तासाभरात विझलाच नाही तर गिझर बंद करून कारण शोधावे. याच वेळी प्लगला बोट लावून न पाहता, स्विच बंद करून प्लग काढावा आणि पिना पाहाव्यात. त्या चटका बसेल इतक्या तापल्या असतील किंवा प्लॅस्टिक पिवळे पडले असेल तर सॉकेटमध्ये पकड ढिली आहे आणि तो बदलावा.

दुसऱ्या दिवशी, टाकी रात्रभर भरलेली राहिल्यावर, पलीकडच्या पट्टीचे नट पुन्हा पान्याने पाहिले. एक नट पाव फेरा सरकला, तो आवळून त्यावर दुसरा नट चढवला आणि दोन्हींवरून रंगाची एक रेघ ओढून ठेवली, म्हणजे पुढे कधी नट ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसेल. व्हॉल्व्हचा दांडा आणि आरसीसीबीचे टी बटण महिन्यातून एकदा तपासायचे असते. बोअरचे जड पाणी असेल तर मॅग्नेशियमचा दांडा वर्षाने काढून पाहावा, नगरपालिकेचे पाणी असेल तर दोन वर्षांनी. मावशीने या तारखा गिझरच्याच बाजूला, न पुसणाऱ्या पेनाने लिहून ठेवल्या आहेत.